फोटोत मिशा चढवायच्या आहेत, दीड हजारात काय जमेल? (सांगली)

नेपथ्य_सांगली
नमस्कार मंडळी. आमच्या हौशी ग्रुपचं नाटक भावे नाट्यमंदिरात लागतंय. मुख्य पात्र आहे निवृत्त फौजदार, काळ १९४३ चा, पत्री सरकारचे दिवस. त्यामुळं मिशा आकडेबाज हव्यात आणि गालावर कल्ले. काम करणारा गडी औषध कंपनीत आहे, रोज गुळगुळीत दाढी करणारा. पोस्टरचा फोटो काढून झालाय आणि तो आता ट्रेनिंगला परगावी गेलाय. परत फोटो काढणं शक्य नाही.

फोटोत चेहरा उजव्या बाजूला वळलेला आहे, हनुवटी जराशी खाली, उजेड डावीकडच्या खिडकीतून. मी नेटवरून मिशांचं पीएनजी चित्र घेऊन चिकटवलं तर ओठावर काळा सुरवंट बसल्यागत दिसतंय. लॅपटॉप ४ जीबीचा, हातात फक्त माउस. बजेट दीड हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ आणि करू कसं?

सह्याद्री_क्लिक्स
माउसनं केस काढायचा नाद सोडा. मी गेल्या वर्षी स्क्रीनवाला पेन टॅब्लेट घेतला, तीस हजाराच्या पुढं गेला, पण लग्नाच्या अल्बमचं काम निम्म्या वेळात होतंय. पेन दाबला की केस जाड, सोडला की बारीक. सोबत फोटोशॉपची वर्गणी भरा. कायमचं काम होऊन जाईल.

नेपथ्य_सांगली
दादा, दीड हजार म्हणालो होतो.

सह्याद्री_क्लिक्स
मग हप्त्यावर घ्या की.

जुनी_रंगपेटी
अहो, एवढा खटाटोप कशाला? क्रेपचे केस आणा, स्पिरिट गम लावा, वरच्या ओठावर खालून वर एकेक थर बसवा, कात्रीनं आकार द्या. दोन-अडीचशेत काम. चाळीस वर्षं हेच करतोय, पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळत नाही.

नेपथ्य_सांगली
काका, प्रयोगाला तुमच्यासारखंच कुणीतरी लावणार आहे. प्रश्न पोस्टरच्या फोटोचा आहे. माणूसच इथं नाही.

जुनी_रंगपेटी
मग माणूस आल्यावर पोस्टर करा. आमच्या वेळी पोस्टर प्रयोगाच्या आदल्या दिवशी लागायचं.

कृष्णाकाठ
मला विचाराल तर सोपं आहे. तेच पीएनजी घ्या, लेयरला `Multiply` लावा, `Warp` नं ओठाच्या वळणावर बसवा. चेहरा उलट्या बाजूला वळलेली मिशी मिळाली तर आडवी फ्लिप करा. दहा मिनिटांत झालं. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, फक्त कडेला जाहिराती दिसतात.

रेषा_विटा
कृष्णाकाठ, फ्लिप केल्यावर चेहऱ्याचा कोन जुळतो, पण उजेडही उलटतो हे लिहायचं राहिलं. तुमच्या मिशीवर उजेड डावीकडून असेल तर फ्लिप केल्यावर तो उजवीकडून पडणार, आणि यांच्या फोटोत खिडकी डावीकडं आहे. पीएनजी चिकटवलेली मिशी नव्वद टक्के वेळा इथंच पकडली जाते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं.

`Multiply` चं म्हणणं निम्मं बरोबर आहे. तो लेयर फक्त गडद करतो. खाली सावलीचा हात द्यायला उत्तम, पण उजेडाच्या बाजूला जे केस चमकतात ते त्यात दिसतच नाहीत. सगळी मिशी एकसारखी काळी पडते. सावली `Multiply` वर ठेवा, केस `Normal` वर.

नेपथ्य, तुम्ही जिम्प घ्या. फुकट आहे, ४ जीबीवर चालेल, फक्त ब्राउझर बंद ठेवा. आणि माउसनं केस निघतात. `Paths` टूलनं केसाच्या वळणाची रेघ काढायची. मग `Edit > Stroke Path` मध्ये जाऊन ब्रशनं ओढायला सांगायचं आणि `Emulate brush dynamics` वर टिक करायची. त्याआधी ब्रशचं डायनॅमिक्स `Pressure Size` ठेवा. हात न थरथरता निमुळता केस मिळतो. एकाच पाथमध्ये पंधरा-वीस रेघा काढल्या तर एका फटक्यात सगळे केस उमटतात.

यात एक खोड आहे. केस दोन्ही टोकांना निमुळता होतो, पण खरा केस मुळाशी जाड असतो. म्हणून मुळाकडचं टोक खालच्या सावलीत किंवा शेजारच्या केसाखाली लपेल असं ठेवायचं.

फ्लेक्स_मिरज
फ्लेक्ससाठी एवढं करू नका राव. दहा बाय आठचा बोर्ड लोक रस्त्याच्या पलीकडून बघतात. ७२ रिझोल्यूशनला छापतो आम्ही, एकेक केस कुणाला दिसतोय? काळा ब्रश फिरवा, चालतंय.

नेपथ्य_सांगली
फ्लेक्स एकच आहे. बाकी ए३ पोस्टर आणि व्हॉट्सॲपवर जाणार, तिथं लोक बोटानं मोठं करून बघतात. रेषाताई, तुम्ही सांगता ते जिम्पमध्ये करून बघितलं. केस छान उमटतात, पण मिशी तरी चेहऱ्यावर बसत नाही. सरळ समोरून बघितल्यासारखीच वाटते.

रेषा_विटा
केसांना हात लावायच्या आधी वेगळ्या लेयरवर तीन रेघा काढा. पहिली नाकाच्या शेंड्यापासून वरच्या ओठावरच्या खळीतून हनुवटीच्या मध्यापर्यंत. दुसरी ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून. तिसरी नाकपुड्यांच्या खालून.

आता पहिली रेघ बघा. चेहरा उजवीकडं वळलाय, म्हणून ती चेहऱ्याच्या मधोमध नाही, उजव्या कडेकडं सरकलेली दिसेल. मिशी त्या रेघेवर दुभंगते. म्हणजे डावा भाग, जो आपल्या जवळ आहे, तो लांब. उजवा भाग आखूड, त्याचा आकडा गालाच्या कडेपाशी संपतो किंवा किंचित बाहेर डोकावतो. दोन्ही भाग सारखे काढले की समोरून बघितल्यासारखंच दिसणार.

हनुवटी खाली असली की चेहऱ्यावरच्या सगळ्या आडव्या रेघा मधे खाली आणि कडांना वर वळतात. तुमची दुसरी आणि तिसरी रेघ तशीच येईल, तपासून बघा. मिशीचं वळण त्यांच्यासोबत जायला हवं. शिवाय या कोनात मिशी वरच्या ओठाचा बराच भाग झाकते, म्हणून खालच्या कडेचे काही केस सरळ ओठावर येऊ द्या.

केसांची दिशा अशी: खळीजवळ जवळजवळ सरळ खाली, मग जसजसं बाहेर जाल तसतसं आडवं, आणि टोकाला पीळ दिल्यासारखं वर. खळीत केस विरळ ठेवा. नाकपुडीच्या खाली थोडी कातडी मोकळी सोडा, नाकाला चिकटलेली मिशी खोटी दिसते. कल्ले कानापुढून सुरू होतात आणि केस खाली झुकतात. त्यांची गालाकडची कड एका रेघेत कापू नका, तिथं सुटे आखूड केस टाका.

कमानीहौद
साताऱ्याहून. १९४३ च्या फौजदाराला कल्ले कशाला? नोकरीत असताना वरिष्ठ चालू देतील का? आमच्या आजोबांचे मामा पोलिसात होते, मिशा होत्या, कल्ले नव्हते. आधी इतिहास नीट करा, मग फोटो.

जुनी_रंगपेटी
तो निवृत्त आहे असं वर लिहिलंय. निवृत्तीनंतर माणूस काय वाटेल ते वाढवील.

कमानीहौद
निवृत्त झाला म्हणून सवय जाते का?

कृष्णाकाठ
केसांचा रंग काळाच घ्यायचा ना? माझ्या मते शुद्ध काळा घेतला की झालं.

रेषा_विटा
शुद्ध काळा नको. त्याच्याच डोक्याच्या केसांतून दोन रंग उचला, एक सावलीतला, एक उजेडातला. आधी मिशीच्या जागी मऊ ब्रशनं कातडीपेक्षा गडद तपकिरी हात द्या, `Multiply` वर, अपारदर्शकता तीस-चाळीस टक्के. त्यावर सावलीच्या रंगाचे केस. सगळ्यात वर थोडेच फिके केस, तेही डाव्या भागाच्या फुगीर जागेवर, कारण खिडकी तिकडं आहे. उजव्या भागात फिके केस जवळजवळ नकोच. शेवटी मिशीची स्वतःची सावली वरच्या ओठावर, खाली आणि किंचित उजवीकडं पडेल अशी. ही विसरली तर मिशी हवेत तरंगते.

जाडी किती, असं विचाराल. भुवई पूर्ण झूम करून बघा. भुवईचा केस तीन पिक्सेल जाड असेल तर मिशीचा मुळाशी तीन-चार, टोकाला एक. आणि भुवई मूळ फोटोतच जरा धूसर असेल तर तुमचे केसही तेवढेच धूसर करा, थोडा ग्रेन घाला. खऱ्या चेहऱ्यापेक्षा मिशी जास्त धारदार, हे मी दुरुस्तीला आलेल्या फोटोंत सारखं बघते.

सह्याद्री_क्लिक्स
हे सगळं पेन टॅब्लेटवर अर्ध्या तासात होतं. सांगून ठेवतो.

रेषा_विटा
होतं, पण दिशा आणि उजेड टॅब्लेट सांगत नाही. आणि घ्यायचाच असेल तर बिनस्क्रीनचा छोटा घ्या, तीस हजारांची गरज नाही. तरी यांच्या बजेटच्या बाहेरच जाईल.

नेपथ्य_सांगली
ताई, मनापासून आभार. तीन रेघा काढल्यावर चूक कुठं होती ते डोळ्यांना दिसलं. पण एवढे केस काढत बसायला माझ्याकडं वेळ नाही, पोस्टर छपाईला द्यायचंय.

मी वेगळंच ठरवलंय. आमच्या दाजींना खऱ्या आकडेबाज मिशा आहेत. तीच खिडकी, तीच सकाळची वेळ, तेवढीच मान वळवून आणि हनुवटी खाली घेऊन त्यांचा फोटो काढला. मूळ फोटो मोबाईलवर समोर ठेवून कोन जुळवला. मिशी कापून बसवली, जिम्पच्या `Warp Transform` नं थोडी ओढली. कल्ले दिग्दर्शकानंच रद्द केले. खर्च शून्य, फक्त दाजींना मिसळ द्यावी लागली.

रेषा_विटा
कोन आणि उजेड दोन्ही जुळलेत, मग चालेल. पण दाजींच्या मिशीच्या कडेला त्यांच्या कातडीचा रंग राहिलेला असणार. मास्क काठाच्या आत घ्या आणि कडेचे दहा-बारा केस तरी पाथनं काढा. दाजींचे केस पांढरे व्हायला लागलेत का? तर डोक्याच्या केसांशी रंग जुळवून घ्या.

नेपथ्य_सांगली
दोन-चार पांढरे आहेत. निवृत्त फौजदार आहे म्हणून तसेच ठेवले.

जुनी_रंगपेटी
आता प्रयोगात मीही पांढरे घालायचे का? पोस्टरात एक आणि रंगमंचावर दुसरं नको.

फ्लेक्स_मिरज
फाईल पाठवताना सगळे लेयर एकत्र करून जेपीजी द्या. परवा एकानं लेयरसकट दिली, मिशीचा लेयर बंद राहिला आणि बोर्ड तसाच छापला गेला.