चीनची अर्थव्यवस्था अमेरिकेला कधी गाठेल?

> चीन 5 टक्क्यांनी वाढतोय, अमेरिका 2 टक्क्यांनी. मग गाठायला किती वर्षं?

2023 चे जीडीपीचे डॉलरमधले आकडे घेऊ: अमेरिका साधारण 27.7 लाख कोटी, चीन 17.8. गुणोत्तर 1.556. ते दरवर्षी 1.05/1.02 ने भागलं जातं, म्हणून:

```
t = ln(1.556) / ln(1.05/1.02)
  = 0.442 / 0.029 ≈ 15 वर्षं
```

चीनचा दर 4 वर आला तर छेद 0.0194 होतो आणि उत्तर थेट 23 वर्षांवर जातं. खरी गोम छेदातच आहे. सुरुवातीचं अंतर त्यामानाने गरीब बिचारं!

शिवाय 2021 मध्ये चीन अमेरिकेच्या सुमारे तीन चतुर्थांश होता, 2023 मध्ये 65 टक्क्यांच्या आसपास घसरला. वाढ जास्त असूनही! युआन उतरला, अमेरिकेत महागाई भडकली, आणि वरच्या 5 व 2 टक्क्यांत हे दोन्ही धरलेलं नाही. आकार चालू डॉलरमध्ये मोजायचा असेल तर सूत्रात वाढीचे दरही चालू डॉलरमधलेच घाला.