शुक्र-शनी युती: प्रेम ‘विलंबित’, ‘उशिराचं’ की ‘गरवं’?

दुर्वा: एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर चार दिवस अडले आहे. जन्मपत्रिकेत शुक्र-शनी युती असेल तर माणूस प्रेमात ‘लेट ब्लूमर’ आणि ‘कॉशस’ असतो, असं ते वाक्य. मी ‘विलंबित आणि सावध प्रेम’ लिहिलं. संपादकांनी ‘विलंबित’ खोडून ‘उशिराचं’ केलं. माझे आजोबा पत्रिका बघायचे. त्यांच्या वहीत अशा कुंडलीपुढे ‘वि. उ.’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे विवाह उशिरा. पण लग्न उशिरा होणं आणि प्रेम उशिरा फुलणं या दोन गोष्टी झाल्या. काय लिहावं?

ख्यालवेडा: ‘विलंबित’ खोडायला नको होतं. विलंबित ख्याल उशिरा सुरू होत नाही, मैफलीत तोच आधी येतो. फक्त त्याची लय संथ असते. शनीचं काम तेच आहे ना? प्रेम येतं वेळेवर, पण पुढे सरकतं सावकाश.

जुना पंचांगकार: ख्यालवेडा यांनी नेमकं बोट ठेवलं. शनी म्हणजे शनैश्चर, शनैः शनैः चालणारा. त्याचं जुनं नावच ‘मंद’. एका राशीतून जायला त्याला अडीच वर्षं लागतात आणि सगळं चक्र पुरं व्हायला साडेएकोणतीस. शुक्र तीच रास एरवी पंचवीसेक दिवसांत ओलांडतो. शुक्र हा विवाहाचा, प्रीतीचा कारक. त्याच्या शेजारी सगळ्यांत संथ ग्रह येऊन बसला की ती संथ चाल प्रीतीला लागते, असा जुना तर्क. मूळ अर्थ ‘हळू’ असा आहे, ‘उशीर’ हा त्यातून काढलेला. जो हळू चालतो तो उशिरा पोचतो, एवढाच दुवा.

आणि एक. आपल्याकडे शुक्र-शनी मित्र आहेत. शनी उच्चीचा होतो तो तूळ राशीत, आणि तूळ शुक्राची. म्हणून आमचे गुरुजी या युतीला ‘लांबवते, पण मोडत नाही’ म्हणायचे. पाश्चात्त्य परंपरेत टॉलेमीपासून शनी थंड आणि कोरडा, त्यामुळे तिकडे याच युतीत नकाराची भीती, मन आखडून घेणं यावर भर येतो. तुमच्या लेखातला ‘कॉशस’ बहुधा तिथून आलाय.

माईंचा_वसा: माझी मुलगी 1989 च्या जानेवारीतली. दोन्ही ग्रह धनू राशीत, सप्तमात म्हणजे विवाहाच्या स्थानात. स्थळं आली, पण तीच ‘थोडं थांबू’ म्हणते. काही उपाय असेल तर सांगा.

दुर्वा: माई, इथे शब्दाबद्दल बोलतोय आपण, पण तुमचं ‘थोडं थांबू’ मला फार उपयोगी पडलं. ‘सावध’मध्ये संशयाचा वास येतो. थांबण्यात तो नाही.

अक्षरशोध: ‘युती’ शब्दही तपासा. तो ‘युज्’पासून, योग आणि युती एकच. मग सरळ ‘योग’ लिहा. युती आता राजकारणाची झाली आहे.

जुना पंचांगकार: योग ‘युज्’पासून हे बरोबर, पण युती ‘यु’ धातूपासून. अर्थ जवळचे, शब्द वेगळे. व्यवहारातही वेगळे. केंद्रयोग, नवपंचम योग, लाभयोग हेही योगच, तिथे ग्रह एकमेकांपासून दूर असतात. इथे ‘योग’ लिहिलंत तर वाचकाला काहीच कळणार नाही.

उलट ‘युती’चीच अडचण मोठी आहे. 22 जानेवारी 2023 आठवा. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि शनी इतके जवळ होते की चंद्राची कोर खाली असतानाही लोकांची नजर त्यांच्यावर जात होती. आता आदल्या संध्याकाळी, 21 ला, एक मूल जन्मलं असं धरा. शुक्र मकरेच्या शेवटच्या अंशांत, शनी नुकताच कुंभेत शिरलेला, अंतर दोन अंशांहून कमी. पण राशी वेगळ्या, म्हणून एका राशीत असण्यालाच युती मानणारा म्हणेल, युती नाही. दुसरं मूल 10 फेब्रुवारीचं. दोघं कुंभेत, अंतर वीसेक अंश. तोच ज्योतिषी इथे युती लिहील. मी अंशांनी बघतो, माझ्या मते पहिल्या मुलाची युती खरी. पण आजही निम्म्या पत्रिका राशीवरून लिहिल्या जातात.

अक्षरशोध: ‘यु’ धातूचं मान्य. पण रूढ शब्दाला वेगळा पर्याय शोधण्याचा हक्क भाषांतरकाराला आहे, एवढं माझं म्हणणं राहील.

सांजवात: माझ्या मावशीची युती अंशात्मक, तीन अंशांची. लग्न एकविसाव्या वर्षी झालं, तेही प्रेमविवाह. उशीर कुठे झाला?

जुना पंचांगकार: नवरा बराच मोठा आहे का? शनी वयाचाही कारक आहे.

सांजवात: अकरा वर्षांनी मोठा. पण काका, हे मला पटत नाही. तिशीनंतर लग्न झालं तर शनीनं लांबवलं, लवकर झालं तर नवरा वयस्क दिला, दोन्ही नसेल तर मन गुंतायला वेळ लागला. मग युतीचं फळ चुकलं हे कधी कळणार?

जुना पंचांगकार: प्रश्न रास्त आहे. म्हणून एका युतीवरून मी कधी बोलत नाही. सप्तमेश, नवमांश, चालू दशा तिन्ही तेच सांगत असतील तरच ‘उशिरा’ म्हणतो. तरीही चुकलेलो आहे.

भातखाचर: मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे याला शब्द आहे. लवकर तयार होणारं भात हळवं, उशिरा तयार होणारं गरवं. गरवं भात रोगट नसतं की मागं पडलेलं नसतं, त्याचे दिवसच जास्त असतात. हळवं कापून होतं तेव्हा गरवं अजून हिरवं उभं असतं. आणि मराठीत ‘हळवं प्रेम’ तर आधीच आहे. त्याच्या समोर ‘गरवं प्रेम’ का नको?

दुर्वा: वाचून अंगावर काटा आला. ‘लेट ब्लूमर’ला तर यात उणेपणाही उरत नाही.

अक्षरशोध: सुंदर आहे, पण शहरातला वाचक ‘गारवा’ वाचेल. आणि हळवं प्रेम म्हणजे लवकर झालेलं नव्हे, नाजूक मनाचं. तुम्ही एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत घालताय.

भातखाचर: वाचकाला कळणार नाही म्हणून आम्ही आमचे शब्द किती वर्षं घरात ठेवायचे?

ख्यालवेडा: ‘कॉशस’चं राहिलंच. मी ‘जपून’ लिहीन. ‘जपून प्रेम करणारा’. काळजी घेणंही त्यात आलं आणि जपून ठेवणंही.

दुर्वा: ‘जपून’ घेतलं, मनापासून. ‘गरवं’साठी संपादकांशी भांडणार आहे. नाही ऐकलं तर ‘विलंबित’वर परत येईन, ‘उशिराचं’ मात्र नाही.

माईंचा_वसा: पंचांगकार, मुलीच्या पत्रिकेत अंतर नऊ अंश आहे. युती धरायची का?

जुना पंचांगकार: ग्रहाचा प्रभाव जितक्या अंशांपर्यंत धरतात ते त्याचे दीप्तांश. शुक्राचे सात, शनीचे नऊ, मध्य आठ. माझ्या हिशोबानं एका अंशानं बाहेर आहे. राशीवरून बघणारे धरतील.

माईंचा_वसा: मग तिचं थांबणं शनीचं नाही?