मदत हवी आहे : शेपटी नसलेले फुलपाखरू पुच्छ कुळातील मानावे का?

सोबतच्या छायाचित्रातील फुलपाखरू काळे असून त्यावर फिकट पिवळे ठिपके आहेत. मागच्या पंखाची कड नागमोडी आहे, परंतु शेपटी नाही. ते पंख पसरून बसले आहे, आणि पितश्वेत कुळातील फुलपाखरे सहसा पंख मिटून बसतात, म्हणून ते कुळ मी वगळले. मला ही लिंबाळी वाटते, कारण पुच्छ कुळातील असूनही तिला शेपटी नसते (उलट कुंचलपाद कुळातील नवाबाला ती असते!). मागच्या पंखाची आतली कड खोलगट असल्याने पोट उघडे दिसते आणि फुलावर टेकलेले सहा पाय मोजता येतात. कुंचलपादांचे पुढचे दोन पाय आखूड असून छातीशी दुमडलेले असतात. एवढ्यावर कूळ निश्चित होते का, आणि पंख मिटलेले असताना ही आतली कड कशी तपासावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.