क्वालिटीत एक दिवसही न काढलेल्या सुपरवायझरनं लीन सिक्स सिग्माचा यलो बेल्ट घ्यावा की थेट ग्रीन?

चाकणची पाळी: मशीन शॉपला नऊ वर्षं झाली, त्यातली चार सुपरवायझर म्हणून. क्वालिटी डिपार्टमेंटला कधीच नव्हतो. कंपनी लीन सिक्स सिग्मासाठी नावं मागतेय. एचआर म्हणतं यलो घ्या, मित्र म्हणतो थेट ग्रीन कर. बाहेर दोन दिवसांत ब्लॅक देणारेही आहेत. काय करू?

मिनिटॅबवाला: थेट ग्रीन. यलोला मुलाखतीत कुणी विचारत नाही. नऊ वर्षं शॉपवर काढलेल्या माणसाला 'कचरा कशाला म्हणतात' हे दीड दिवस शिकवणार आणि वर लाडू-चहा. सरासरी आणि सिग्मा शाळेतल्या गणिताच्या पुढचं नाही, जमेल.

भोसरी एमआयडीसी: पण हे क्वालिटीत नव्हते ना? ग्रीनला अनुभव लागतो. एएसक्यू या अमेरिकन क्वालिटी संस्थेच्या परीक्षेला तीन वर्षं मागतात. म्हणजे यलोच.

तिसरी पाळी: भोसरी, अर्धं बरोबर. तीन वर्षं मागतात, पण अभ्यासक्रमात जे विषय आहेत त्यांतल्या कामाची. 'क्वालिटी' नावाच्या खात्यातली नव्हे. रिजेक्शन कमी करणं, सेटिंगचा वेळ उतरवणं, कंट्रोल चार्ट भरून घेणं हे सुपरवायझर रोज करतो, तेच नीट लिहावं लागतं. एएसक्यूच्या यलोला अनुभवाची अट नाही. ब्लॅकला मात्र सही-शिक्क्यानिशी दोन प्रोजेक्ट, किंवा एक प्रोजेक्ट आणि तीन वर्षं. आयएएसएससी या दुसऱ्या संस्थेच्या परीक्षेला प्रोजेक्टही लागत नाही, अनुभवही नाही. दोन दिवसांतला ब्लॅक तर सोडूनच द्या. मुलाखतीत 'आधी आकडा किती होता, बचतीवर सही कुणाची' एवढंच विचारलं की संपलं.

मी विचारेन, हातात प्रोजेक्ट कोणता आहे? पट्ट्याचा रंग त्यावरून ठरतो.

मनीषा, पिंपरी: मी आयएटीएफ या गाड्यांच्या उद्योगातल्या क्वालिटी स्टँडर्डचं इंटर्नल ऑडिटर केलं आणि त्यावर प्रॉडक्शनमधून क्वालिटीत गेले. दादा, तुम्हीही तेच करा. बेल्टपेक्षा स्वस्त, बदलीही लवकर मिळते.

चाकणची पाळी: ताई, मला बदली नकोय, शॉपवरच राहायचंय. तिसरी पाळी, प्रोजेक्ट आहे. अॅल्युमिनियमची बॉडी, ४० मिलिमीटरचा बोअर, शून्य ते अधिक २५ मायक्रॉन. फायनल इन्स्पेक्शनला बोअर लहान म्हणून माल परत येतो. गंमत म्हणजे आमच्या एअर गेजवर तोच माल ओके असतो.

भोसरी एमआयडीसी: इन्सर्ट घासतोय. घासला की बोअर लहानच येतो. इन्सर्टचं आयुष्य निम्मं करा, पट्टा कशाला हवा?

तिसरी पाळी: इन्सर्ट घासला असता तर तुमच्याच गेजवरही बोअर लहान दिसला असता. माल मशीनपाशी ओके आणि फायनलला नापास, तर आधी मोजमापावर संशय घ्यायचा. गेज वॉशिंग मशीनच्या आधी आहे की नंतर?

चाकणची पाळी: नंतर. धुतलेला माल हाताला कोमट लागतो, चटका नाही.

तिसरी पाळी: मग ऐका, आमच्याकडे हेच झालं होतं. अॅल्युमिनियम अंशामागे मीटरला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ४० चा बोअर मास्टर रिंगपेक्षा १५ अंशांनी गरम असला, तर जवळजवळ १४ मायक्रॉन मोठा दिसतो. तुमच्या २५ च्या निम्म्याहून जास्त! ऑपरेटरला गेजवर +२० दिसतं, तो म्हणतो मधोमध आणू, म्हणून ऑफसेट ८ नं उतरवतो. गेजवर +१२, सगळे खूश. तोच नग गार झाला की -२. ऑपरेटर चुकलेला नाही, गेजनं सांगितलं तेच त्यानं केलं.

आमच्या क्वालिटीनं गेजची आर अँड आर, म्हणजे मोजमाप किती भरवशाचं याची चाचणी, करून ठेवली होती: १० नग, तीन माणसं, प्रत्येकी तीनदा. निकाल ९ टक्के, म्हणजे उत्तम. कारण त्यांनी नग स्टँडर्ड रूममध्ये रात्रभर ठेवून मोजले होते. गेज खरंच चांगला होता, फक्त आम्ही त्याच्याखाली गरम माल सरकवत होतो. हे कळायला धुण्याच्या ट्रेशेजारी उभं राहावं लागतं, आणि तिथं उभा असतो सुपरवायझर. क्वालिटीचा अनुभव नसण्याची काळजी म्हणूनच करू नका.

तपासायचं कसं? परत आलेला माल कुठल्या तासाला मशीनवरून निघाला ते लिहा. आमच्याकडे सकाळी सात ते नऊ जवळपास काहीच नव्हतं, कारण वॉशिंगचं पाणी तापायचंच होतं. दहानंतर चढायचं. इन्सर्टचा दोष असता तर इन्सर्ट बदलला की आकडा खाली यायला हवा होता, तो घड्याळाप्रमाणेच चालला. मग १० नग घ्या, नंबर टाका, धुऊन लगेच मोजा आणि स्टँडर्ड रूममध्ये दोन तासांनी तेच पुन्हा मोजा. फरक सगळ्या नगांत एकाच दिशेला आणि साधारण तेवढाच आला, की वाद संपतो.

मिनिटॅबवाला: हाच तर ग्रीन प्रोजेक्ट! पेअर्ड टी टेस्ट लावा, पी व्हॅल्यू काढा.

मनीषा, पिंपरी: दहाच्या दहा नग एकाच बाजूला १४ मायक्रॉन सरकले तर टेस्ट कशाला? डोळ्यांनी दिसतंय की. तासागणिक चेकशीट आणि आकडे वेगवेगळे करून बघणं, हे यलोचं काम झालं. मी आधी प्रश्न चुकीचा वाचला होता, पण हे मात्र मला पटलंय.

तिसरी पाळी: शोध यलोत बसतो, हे मान्य. उपाय तिथं बसला नाही. माल गार होईपर्यंत थांबा म्हटलं, तर २० मिनिटं. आमची सायकल १०० सेकंदांची, म्हणजे चूक कळेपर्यंत १२ नग पुढे गेलेले. प्लांट हेडनं तिथंच नाही म्हटलं. शेवटी नमुन्याचा नग न धुता पुसून खोलीच्या तापमानाच्या कूलंटमध्ये बुडवून मोजायचा ठरला. किती वेळ बुडवला की पुरतं, ऑफसेट किती सरकल्यावर हलवायचा, हे ठरवायला दोन आठवडे आकडे काढले. तिथं ग्रीनमधलं शिकलेलं उपयोगी पडलं. आणि दर सोमवारी तिसऱ्या पाळीतला कुणीतरी जुन्या सवयीनं धुतलेलाच नग मोजतो, त्याला कुठलाच पट्टा पुरत नाही.

मिनिटॅबवाला: म्हणजे ग्रीनच की!

तिसरी पाळी: पैसे कंपनीचे, प्रोजेक्ट हाच आणि प्लांट हेड सही करणार असेल, तर थेट ग्रीन. यातलं एक जरी नसलं तर आता यलो, आणि हे काम लिहून ठेवायचं. स्वतःच्या खिशातून ग्रीन मी घेतला नसता. पुण्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं एसक्यूसी-ओआर युनिट आहे, तिथंही विचारून बघा.

भोसरी एमआयडीसी: खिशातून का नको? नोकरी बदलताना कामी येतं. माझा इन्सर्ट चुकला असेल, हे नाही.

चाकणची पाळी: उद्या पहिली पाळी आहे. सातपासून ट्रेवर वेळ लिहायला लावतो. सहीचं प्लांट हेडना विचारलं, म्हणाले 'आधी आकडा दाखव'.

मनीषा, पिंपरी: ट्रेनिंगला पाळी कोण सांभाळणार तेही आताच विचारून घ्या दादा. माझ्या ऑडिटरच्या कोर्सच्या दुसऱ्या दिवशी लाइन बंद पडली म्हणून मला जेवणाच्या सुट्टीतच परत बोलावलं होतं.