डीमॅटचं स्टेटमेंट: ३० शेअर की ४०?

कुलकर्णी काका (ए-४०२): मंडळी, टँकरचा विषय जरा बाजूला ठेवा. आपले शेअर जिथे जमा असतात त्या डिपॉझिटरीकडून मेलवर जे मासिक स्टेटमेंट येतं त्यात माझे ४० शेअर दाखवतायत आणि ब्रोकरच्या ॲपमध्ये ३०. वर तिथे खरेदीचा ॲव्हरेज भाव आधी ५४० होता तो आता ५८० दिसतोय, मी तर नवीन एकही घेतला नाही!! ब्रोकरने काही गोंधळ घातलाय का?

स्वप्नील (बी-२०३): काका घेतले कधी, विकले कधी, सगळं सांगा बघू

कुलकर्णी काका: आधी ४० घेतले ५०० ने, मग २० घेतले ६२० ने. गेल्या महिन्यात २९, ३० आणि ३१ ला रोज दहा-दहा ६१० च्या आसपास विकले.

स्वप्नील: मग बरोबरच आहे. ३१ ला विकलेले दहा खात्यातून १ तारखेला गेले कारण सेटलमेंट दुसऱ्या दिवशी होतं, तोपर्यंत ते ब्लॉक होऊन तुमच्याच नावावर असतात. स्टेटमेंट ३१ पर्यंतचं, म्हणून ४०. त्यातच फ्री बॅलन्सचा कॉलम बघा, तिथे ३० असतील.

कुलकर्णी काका: हो की! ३० च आहेत. पण ५८० कुठून आला?

स्वप्नील: आधी घेतलेले आधी विकले असं धरतात. म्हणजे ३० च्या ३० गेले ते ५०० वाले, उरले १० ते ५०० चे आणि २० ते ६२० चे. ५,००० + १२,४०० = १७,४००, भागिले ३०, झाले ५८०. नफाही त्याच हिशोबाने, शेअरमागे ११०, तुम्ही ५४० धरून ७० म्हणत असाल तर टॅक्सच्या वेळी दचकाल.

मानसी (सी-१०१): आणि काका हा ॲव्हरेज डिपॉझिटरीच्या स्टेटमेंटमध्ये शोधत बसू नका, तिथे फक्त संख्या आणि त्या दिवशीचा बाजारभाव असतो, खरेदीचा भाव ब्रोकरकडेच. माझा अर्धा रविवार गेला होता त्यात 😅

कुलकर्णी काका: बरं, चार्जेस? कॉन्ट्रॅक्ट नोटची बेरीज केली तर खात्यात ४६ रुपये कमीच भरतायत.

स्वप्नील: तो डीपी चार्ज, विकलेले शेअर डीमॅटमधून बाहेर जाताना लागतो तो. कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये ब्रोकरेज, एसटीटी म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर वगैरे असतं, हा नसतो, ब्रोकरकडचं तुमचं लेजर उघडा. तुमच्या ब्रोकरचा १३ असेल, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १५.३४, आणि तो शेअर किती विकले यावर नाही तर एका कंपनीला दर दिवसाला एकदा. तुम्ही तीन दिवस विकलेत, तीनदा लागला, ४६.०२.

कुलकर्णी काका: म्हणजे तिसही एकाच दिवशी विकले असते तर १५ रुपयांत भागलं असतं??

स्वप्नील: हो ना. आणि ॲपमधल्या ५८० मध्ये खरेदीचे चार्जेस धरलेत का तेही बघा, माझ्या ॲपमध्ये धरत नाहीत. ३२,४०० च्या खरेदीवर नुसता एसटीटीच ३२.४० गेलाय तुमचा.

कुलकर्णी काका: लेजरमध्ये सापडल्या तिन्ही एंट्र्या, १५.३४ च्याच. ब्रोकरला उगाच शिव्या घातल्या सकाळपासून. मानसी, टँकर किती वाजता म्हणालीस?