‘बंद करणे’ की ‘गाळा सोडणे’?

गोदाकाठ: एका अर्थशास्त्रीय टिपणाचा अनुवाद करतोय. स्पर्धेतली पेढी तोटा सोसूनही अल्पकाळ माल काढत राहते, दीर्घकाळात मात्र बाहेर पडते, असा मजकूर आहे. मुळात ‘शटडाऊन’ आणि ‘एक्झिट’ असे दोन शब्द आहेत. दोन्हींना ‘बंद करणे’ लिहिलं तर वाक्य स्वतःलाच खोडतं.

शुद्धमती: ‘उत्पादनस्थगिती’ आणि ‘निर्गमन’. शिवाय ‘पेढी’ नको, ‘उत्पादनसंस्था’.

अंबडवाला: निर्गमन म्हटलं तर शॉपवर कुणाला कळेल? मशीन उभं ठेवणं वेगळं, गाळा सोडणं वेगळं. हेच दोन शब्द घ्या.

निफाडकर: तोट्यात चालवतात ते उद्या भाव चढेल या आशेवर. एवढं लिहिलं की झालं.

अंबडवाला: आशा नसली तरी चालवतात. धरा, महिन्याला १०,००० नग, नगाला १२ रुपये. नगावरची मजुरी, वीज, टूल मिळून ७ रुपये. गाळ्याचं भाडं ३०,००० आणि मशीनचा हप्ता ५०,०००. नगामागे ५ सुटतात, म्हणजे ५०,०००, तोटा ३०,०००. मशीन उभं ठेवलं तर भाडं आणि हप्ता चुकत नाहीत, तोटा ८०,०००. म्हणून चालवायचं. दर साडेसहावर आला तर प्रत्येक नग पदरचे पन्नास पैसे खातो. मग उभं ठेवायचं.

निफाडकर: म्हणजे उभ्या कांद्यासारखंच. रोपं, खत, पाणी गेलंच. काढणी आणि गाडीभाडं सुटत असेल तर काढायचा, नाहीतर रोटाव्हेटर.

अंबडवाला: अगदी. आणि पुढच्या हंगामात लावायचा की नाही, तो दीर्घकाळ.

शुद्धमती: मग रोटाव्हेटर फिरवणं ही स्थगिती का? पीकच राहत नाही!

गोदाकाठ: अल्पकाळ म्हणजे किती महिने लिहू?

अंबडवाला: महिने नका मोजू. भाडेकरार संपेपर्यंत अल्पकाळ. तो संपला की भाडं टाळता येतं, मशीनही विकता येतं. हप्त्याचं गणित मात्र फसवं आहे: गाळा सोडला तरी बँक सोडत नाही, म्हणून सोडण्याच्या हिशेबात हप्ता धरायचा नाही. मशीनची विक्रीची किंमत महिन्याला किती घटते आणि त्या पैशावर किती व्याज बुडतं, ते धरायचं. समजा ३५,०००. सुटलेल्या ५०,००० मधून भाडं गेलं की उरतात २०,०००. मग ठेवून काय करणार? असे बरेच जण गेले की बाजारात माल कमी पडतो, दर साडेतेराकडे सरकतो आणि उरलेले टिकतात.

खोगीर: ‘गाशा गुंडाळणे’ कुणालाच कसं आठवलं नाही? गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड. ते गुंडाळलं की स्वार निघालाच.

शुद्धमती: तो फारसीतून आलेला. निर्गमनाला काय काटे आहेत?

निफाडकर: आमच्याकडे गाशा गुंडाळणारा देणी बुडवून पळालेला असतो. इथला माणूस हिशेब करून चाललाय.

गोदाकाठ: ‘उत्पादन थांबवणे’ आणि ‘धंद्यातून बाहेर पडणे’ लिहून टाकतो.

शुद्धमती: आणि ‘पेढी’ तशीच?