टीव्ही अॅपच्या होम स्क्रीनवर पोस्टर सहा की चार?

नाटकवेडा: नाटकांच्या रेकॉर्डिंगचं अँड्रॉइड टीव्ही अॅप करतोय. टीव्ही ४३ इंची, सोफा दहा फुटांवर. ओळीत सहा पोस्टर, खाली २४ पिक्सेलमध्ये नाव. लॅपटॉपवर झकास दिसतं, पण घरचे म्हणतात वाचता येत नाही आणि "आपण आत्ता कुठे आहोत" तेच कळत नाही. सहाची चार करू का? तपासायचं कसं?

दहाफुटी: चार करा. ४३ इंची पडद्यावर, फुल एचडीच्या मापाने, दोन पिक्सेल म्हणजे जवळपास एक मिलिमीटर. २४ पिक्सेलमधलं मूळ अक्षर, मात्रा-उकार सोडून, सहा-सात मिलिमीटरचं उरतं आणि अनुस्वाराचं टिंब दीड मिलिमीटरचं. दहा फुटांवरून चांगल्या नजरेलाही एक मिलिमीटरच्या आतलं फारसं वेगळं दिसत नाही. म्हणून "दिसतंय का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. चाचणीपुरती "चिता" आणि "चिंता" अशी दोन नावं टाका आणि मोठ्याने वाचायला सांगा. अडखळले की आकार वाढवा. मी ३२ पासूनच सुरू करतो. ओळीची उंचीही सैल ठेवा, नाहीतर वेलांटीचा माथा कापला जातो.

टिचकी: चार केलीत तर माणूस बटण दाबून दाबून दमेल. सहाच ठेवा.

दहाफुटी: दाबणं कसं वाढेल? पहिल्यापासून नवव्या पोस्टरवर जायला उजवीकडे आठ वेळा दाबावं लागतं, मग पडद्यावर चार दिसोत की सहा.

टिचकी: हिशोब बरोबर आहे, पण माणूस दाबण्याआधी बघतो. सहा दिसत असतील तर जायचं कुठे ते आधीच ठरतं. चारच दिसली की पुढे काय आहे ते चाचपत जायचं. आणि प्रत्येक पोस्टरखाली नाव हवंच कशाला? ज्याच्यावर फोकस आहे त्याचंच नाव वरच्या मोकळ्या जागेत मोठं दाखवा.

दहाफुटी: नाव वर घेण्याचं पटलं. पण आपल्या नाटकांची पोस्टर अक्षरांवरच चालतात. सहाच्या ओळीत एक पोस्टर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर रुंद होतं. त्यावरचं नाव सोफ्यावरून वाचून दाखवा, मग बोलू.

मॉनिटरवाला: एवढ्यासाठी टीव्ही कशाला? २४ इंची मॉनिटरपासून साडेपाच फुटांवर उभे राहा, तेवढंच दिसेल.

दहाफुटी: आकारापुरतं खरं. पण काही टीव्ही अजून चित्राच्या कडा कापतात, ते मॉनिटरवर कधीच दिसणार नाही. डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे सोडायची पद्धत त्यासाठीच आहे. शिवाय घरोघरी टीव्ही भडक मोडवर असतात, तिथे तुमची फिकट राखाडी अक्षरं पार बदलतात.

सोलापूरचे काका: आमच्याकडे एकदा दाबलं की दोन घरं पुढे जातं. सेल बदलले, तरी तेच. रिमोट नवीन घ्यावा का?

टिचकी: काका, एकाच अॅपमध्ये होत असेल तर रिमोटला दोष देऊ नका. बटण दाबणं आणि सोडणं, दोन्ही वेळा फोकस हलवणारी अॅप्स पाहिली आहेत. नाटकवेडा, हेही तपासा.

चाचणीवाली: सहा-चार राहू द्या, घरच्यांची दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. समोरच्याला डोळे मिटायला सांगा, तुम्ही फोकस हलवा, डोळे उघडताच बोट दाखवायला सांगा. नजर फिरवून शोधावं लागलं तर नापास. हे सर्वांत पांढऱ्या पोस्टरवर कराच, कारण पांढरी चौकट तिथे विरघळते. चौकट आणि पोस्टर यांच्यात काळी फट ठेवा आणि पोस्टर दहा टक्के मोठं करा. मात्र ओळीत तेवढी जागा सोडा, नाहीतर वाढलेल्याचा माथा छाटला जातो.

मेनूतही हाच घोळ असतो. सध्याचं पान पिवळं, फोकस पांढरा, आणि बघणाऱ्याला दोन्ही उजळच दिसतात. त्याहून वाईट म्हणजे "पुढे पाहा" आणि "पहिल्यापासून" अशी दोनच बटणं, एक पांढरं, एक राखाडी. फोकस कुठल्यावर आहे, हे एकदा हलवल्याशिवाय कळत नाही.

नाटकवेडा: मेनूत अगदी हेच केलंय. आणि खालच्या ओळीत उतरल्यावर फोकस कुठे जावा? बरोबर खालच्या पोस्टरवर, की त्या ओळीत शेवटी जिथे होतो तिथे?

चाचणीवाली: शेवटी होतो तिथे. पाचव्या पोस्टरवरून वर जाऊन परत आलं की पाचवंच हवं.

टिचकी: मुळीच नाही. उजव्या टोकावरून खाली दाबलं आणि फोकस डाव्या टोकाला उगवला, तर तो सापडेपर्यंत माणूस अजून दोन बटणं दाबून बसतो.

चाचणीवाली: तो सापडत नसेल तर तुमचा फोकस फिका आहे.